दंडाचा घेर

पुण्यात शस्त्रक्रियेच्या आणि दवाखान्याच्या सामानाचं एक दुकान होतं. सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हा मी तिथं सूचीपत्र लिहायच्या कामावर होते. इंग्रजी सूचीपत्र दुकानाकडे होतंच, पण तालुक्याच्या गावांतून मराठीत विचारणा यायला लागली, म्हणून मालकांनी मला घेतलं. सुया, चिमटे, थर्मामीटर, गरम पाण्याच्या पिशव्या, एकेका वस्तूखाली तीन-चार ओळी लिहायच्या. दिवसभर मी लिहायची आणि संध्याकाळी मुलींच्या वसतिगृहावर परत जायची. खोलीत आणखी दोघी होत्या, तरी मला करमत नसे. माझा सगळा जीव मार्गासनीत, आमच्या गावात.

तिथं माझे वडील, आबा, एकटे राहत. आयुष्यभर त्यांनी वेल्ह्याच्या रस्त्यावर खडी फोडली, खड्डे बुजवले. आई गेल्यावर थोडा भात लावत आणि घरीच असत.

एके दिवशी दुकानात रक्तदाब मोजायचं नवं यंत्र आलं. तोवर आम्ही पाऱ्याचीच विकायचो, त्याला स्टेथोस्कोप लावून ऐकावं लागतं. या नव्यात दंडाला बांधायच्या पट्ट्यातच आवाज टिपणारी चकती होती. हाताने फुगा दाबून हवा भरायची, मग हळूहळू सोडायची. दिवा लुकलुकायला लागला की तबकडीवरचा काटा जिथं असेल तो वरचा आकडा, लुकलुकणं थांबलं की खालचा. घरच्या माणसालाही जमेल असं ते पहिलंच.

मालक खूश होते. म्हणाले, "बाई, याला जरा चमचमीत लिहा. शंभर टक्के अचूक. घरबसल्या रोगाचं निदान."

मी म्हटलं, "आधी वापरून बघते. घरी नेऊ का दोन दिवस?"

त्यांनी नमुन्याचं यंत्र दिलं. शनिवारी दुपारची एस्टी धरली. मांडीवर यंत्राचा डबा घेऊन बसले होते. नसरापूर मागे पडलं आणि तोरणा दिसायला लागला, तशी छातीत काहीतरी सैल झालं.

आबांना वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या होत्या. मी त्यांना ओट्यावर बसवलं, सदऱ्याची बाही वर केली आणि पट्टा बांधला. त्यांचा दंड माझ्या हातात आला तेव्हा मला कळलं, की शहाणी झाल्यापासून मी त्यांना असं धरलंच नव्हतं. आमच्याकडे मुलगी वाढली की बाप लांबून बोलतो. दंड बारीक झाला होता. पट्टा गुंडाळून टोक पार पुढं गेलं.

एकशे बत्तीस आणि चौऱ्याऐंशी. दोनदा तेच आलं.

"चांगलं हाय का वाईट?" आबांनी विचारलं.

"चांगलं आहे, आबा."

"मंग गोळ्या कशाला खायाच्या? डोकं जड व्हतंय त्येनं."

मी काही बोलले नाही. त्यांना बरं वाटलेलं मला मोडवेना. त्यांनी माझं न बोलणं होकार समजलं, आणि सोमवारी मी निघून आले.

महिन्याभराने पत्र आलं. शेजारच्या शिकलेल्या बाईने लिहिलं होतं, आबा बांधावर चक्कर येऊन पडले, डोक्याला खोक पडली. मी रजा काढून गेले. आबांनी गोळ्या त्याच सोमवारपासून सोडल्या होत्या. त्यांना घेऊन वेल्ह्याला गेले. डॉक्टरांनी पाऱ्याच्या यंत्रावर मोजलं, तर एकशे अठ्ठ्याहत्तर आणि एकशे चार.

मी यंत्राची हकिकत सांगितली. डॉक्टर रागावले नाहीत. टेप घेऊन आबांचा दंड खांदा आणि कोपराच्या मधोमध मोजला.

"एकवीस सेंटिमीटर. तुमचा पट्टा कितीचा होता?"

मला आठवत होतं. डब्यावर बारीक अक्षरात होतं, पंचवीस ते पस्तीस.

"मोठा पट्टा बारीक दंडाला लावला की आकडा थोडा कमीच दिसतो," ते म्हणाले. "पण ते थोडंच. तेव्हा आकडा खाली होता तो गोळीमुळे. गोळी चालू होती म्हणून चांगला आला, आणि चांगला आला म्हणून तुम्ही गोळी थांबवली."

"मी थांबवली नाही, डॉक्टर. मी फक्त गप्प बसले."

त्यांनी चिठ्ठी पुढे ओढली. गोळ्या पुन्हा लिहून दिल्या. परतीच्या एस्टीत आबा म्हणाले, "तुजा काय दोष न्हाई, बाय. म्याच ऐकलं न्हाई डाक्टरचं." ते मला अजून जास्त लागलं.

पुण्याला आले आणि सूचीपत्रातली त्या यंत्राची नोंद नव्याने लिहायला घेतली. पट्ट्याचा इंग्रजी "कफ" हा शब्द खोडला. आपल्याकडे कफ म्हटलं की माणूस छातीतला समजतो. शेवटी जे लिहिलं ते असं:

"रक्तदाब मोजण्याचे यंत्र, काट्याचे व दिव्याचे. काट्याचा दाब पाऱ्याच्या तीन मिलिमीटरपर्यंत कमी-जास्त असू शकतो. हात हलल्यास, बोलल्यास वा हात छातीच्या पातळीत नसल्यास आकड्यात याहून अधिक फरक पडतो. दंडाचा पट्टा पंचवीस ते पस्तीस सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी. मागवण्यापूर्वी दंड मधोमध मोजावा. त्याहून बारीक वा जाड दंडास हा पट्टा लावू नये. नऊ व्होल्टचा एक चौकोनी सेल लागतो, लहान ट्रान्झिस्टरला लागतो तोच. दिवा मंद झाल्यास सेल बदलावा. हे यंत्र दाब दाखवते, रोग ओळखत नाही. आकडा चांगला आला म्हणून औषध बंद करू नये, डॉक्टरांस विचारावे."

मालकांनी वाचून कागद खाली ठेवला. "हे वाचून कोण घेईल? आपण वस्तू विकतोय की घेऊ नका म्हणून सांगतोय?"

मी त्यांना आबांचं सगळं सांगितलं. त्यांनी कागद उचलून पुन्हा वाचला. मग म्हणाले, "तीन मिलिमीटरचं लोकांना कळणार नाही."

"नाही कळलं तरी चालेल. शंभर टक्के नाही, एवढं कळलं तरी पुरे."

त्यांनी शब्दही न बदलता ते छापखान्यात पाठवलं.

यंत्रं फार खपली नाहीत. पण एकदा आंबवड्याकडच्या एका शिक्षकांचं पाकीट आलं. घरात टेप नाही, म्हणून त्यांनी पत्नीच्या दंडाभोवती सुतळी गुंडाळून तेवढीच कापून पाठवली होती. मी ती फुटपट्टीवर ताणून धरली. वीस सेंटिमीटरच्या जरा वर. त्यांना या यंत्राचा पट्टा बसणार नाही, भोरला डॉक्टरांकडे दर महिन्याला दाखवावं, असं मी उलट टपाली लिहिलं. ती सुतळी टाकून देववेना. बऱ्याच दिवसांनी त्यांचं कार्ड आलं, दाखवतो आहोत, तब्येत बरी आहे.

दुकानाने पुढे लहान पट्टाही मागवला. तो लावलेलं यंत्र घेऊन मी महिन्यातून एकदा आबांकडे जायची. मोजण्याआधी पाच मिनिटं न बोलता बसायचं असतं, तेवढीही आम्हाला पुरायची. आकडा मी वहीत लिहून डॉक्टरांना दाखवायची. आबांना त्यात रस नव्हता. ते फक्त बाही वर करून हात पुढे करायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. महिनाभर पुण्यात मी त्या पाच मिनिटांची वाट बघायची.

पुढे चार वर्षं ते बरे होते. आबा गेले त्याआधीच्या शेवटच्या खेपेला, सोमवारी सकाळी मी पिशवी भरत होते तेव्हा उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "आजची एस्टी सोड की. उद्या जा."

मी म्हटलं, "आबा, मालक काय म्हणतील? पुढच्या महिन्यात दोन दिवस जास्त राहीन."

"बरं," ते म्हणाले, आणि थांब्यापर्यंत माझी पिशवी घेऊन आले. एस्टी हलल्यावर मी मागच्या काचेतून बघितलं. ते अजून रस्त्यातच उभे होते, त्यांनीच कितीदा तरी बुजवलेल्या त्या रस्त्यात.