दोन मोहगावं

आमच्या भंडाऱ्याच्या कचेरीत नुकताच कॉम्प्युटर आला होता. धानाच्या पेऱ्याचा प्रोग्राम तपासायचं काम माझ्याकडे होतं. जिल्ह्यात मोहगाव नावाची दोन गावं होती. एक भरून मी दुसरं मोहगाव टाकलं, तर मशीन म्हणे, हे गाव आधीच आहे.

"ही तुही चूक आहे," मी प्रोग्राम लिहिणाऱ्याला म्हटलं.

"कायची चूक? एक गाव दोनदा घेऊ नका, हे तुमच्याच साहेबानं लिहून देल्लं."

"एक गाव म्हटलं, एक नाव नाही! नाव सारखं असलं तर इथं सारेच शेजारच्या गावाचं नाव जोडून सांगतात."

"मशीनले गाव दिसते का? नावच दिसते. दुसरी ओळख ठेवा, असं कोणी लिहिलं? ही नवीन मागणी आहे भाऊ."

चूक म्हटली तर त्याला ती आजच सुधारावी लागणार होती. मागणी म्हटली तर कागद मंजुरीसाठी नागपूरला जाणार होता. थंड हवा जाऊ नये म्हणून खोलीचं दार बंद होतं, आणि निकाल लागल्याशिवाय साहेब आम्हाला सोडत नव्हते.

शेवटी त्यांनीच सांगितलं, "मागणीच आहे. मंजुरीपर्यंत दोन्ही गावं पहिल्या मोहगावातच भरा."

दुसरं मोहगाव माझं होतं. बापाचं शेत मी माझ्याच बोटांनी परक्या गावात टाकलं, आणि मशीननं ते निमूट घेतलं.