एकसष्ट मार्कांचा पंडित

पेडगावच्या फाट्यावर पंडितचं मोबाइलचं दुकान आहे. बोलताना तो मान मागं टाकतो, डोळे अर्धे मिटतो आणि प्रत्येक वाक्याला शेवटी ‘लिहून घ्या’ लावतो. लिहून घ्यावं असं काही तो अजून बोललेला नाही.

त्याची सगळी इज्जत एका कोडवर उभी. स्टार, हॅश, स्टार, हॅश, चार-सहा-तीन-सहा, मग हॅश, स्टार, हॅश, स्टार. हे दाबलं की फोनमधलं लपलेलं पान उघडतं आणि रेंजचे खरे आकडे दिसतात. नेटवर फुकट पडलेला हा कोड पंडित तळहाताआड धरून दाबतो, जसा काही गुरूनं कानात दिलेला मंत्र.

यंदा त्रिवेणीवहिनीनं बँकमित्राचं केंद्र मागितलं. त्यांच्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावरच टेबल टाकायचं, लोकांचे अंगठे घ्यायचे, पैसे द्यायचे. बँकेचा माणूस सोमवारी येऊन अंगठा चालवून बघणार होता. चालला तर केंद्र इथं, नाही तर शेजारच्या गावाला. तिची सासू शांतम्मा म्हणाली, “पंडितला बोलवा, त्याला आतलं कळतं.” आतलं म्हणजे काय, हे शांतम्मालाही ठाऊक नव्हतं.

पंडित आला. अंगठ्याच्या मशीनला नेट देणारा सिमकार्डाचा राउटर कुठं बसवायचा ते ठरवायला फोन पुढं धरून घरभर हिंडला, जमिनीतलं पाणी शोधायला पाणाड्या नारळ घेऊन हिंडतो तसा. गिरणीमागच्या खोलीत थांबला.

“वजा अठ्ठ्याण्णव. भंगार. लिहून घ्या.”

“अठ्ठ्याण्णव तर मोठा आकडा हाय की,” शांतम्मा म्हणाली.

पंडितनं डोळे मिटले. “अम्मा, वजा हाय ते. जितकं शून्याजवळ तितकं चांगलं. तुमाला न्हाई कळायचं.”

हे मात्र बरोबर होतं. पंडितचं पहिलं वाक्य नेहमी बरोबर असतं.

मग तो घराच्या सपाट छतावर, माळवदावर चढला आणि वरून ओरडला, “वजा एकोणऐंशी. बाजूला एकसष्ट लिहिलंय, बघा. एकसष्ट म्हणजे फर्स्ट क्लास. खाली बेचाळीस होते, काठावर पास.” ते एकसष्ट मार्क नव्हतेच. वजा एकोणऐंशीत एकशेचाळीस मिळवले की एकसष्ट होतात. तोच जोर, दुसऱ्या मापात. पण पंडितनं फोनलाही दहावीला बसवलं होतं.

त्रिवेणीवहिनी मागोमाग वर गेली. तिनं पान खाली सरकवलं. “दादा, जोराच्या शेजारी हा दुसरा आकडा कशाचा? इथं वजा सतरा हाय. मागच्या खोलीत वजा नऊ होता.”

“क्वालिटी. कंपनीवाल्यांच्या कामाची. आपल्याला जोर पाह्यजे.”

“आन् ह्या दोन ओळी आणखी कशाच्या, खोलीत न्हवत्या त्या? वजा एक्क्याऐंशी, वजा ब्याऐंशी.”

“दुसरे टॉवर. तीन-तीन टॉवर मिळायलेत तुमाला, वहिनी. नशीब काढलंत. लिहून घ्या.”

आणि त्यानं राउटर माळवदावर पाइपाला आवळला.

सोमवारी बँकेचे काशीनाथ साहेब आले. शेजारच्या सुलाबाईनं अंगठा धुऊन, पदराला पुसून मशीनवर ठेवला. चक्र फिरलं, फिरलं, आणि ‘संपर्क होत नाही’ असं आलं. दुसऱ्यांदाही तेच.

“अंगठा घासलेला हाय बाईचा,” पंडित म्हणाला.

“अंगठा मशीननं घेतलाय,” साहेब म्हणाले. “पुढं जात नाही. आणखी एकदा बघतो, मग मला निघायचंय.”

त्रिवेणीवहिनीनं पदर खोचला. “साहेब, पाच मिनिटं थांबा.” माळवदावर जाऊन तिनं राउटर सोडवला आणि तो घेऊन ती मागच्या खोलीकडं निघाली.

“वहिनी, तिथं बेचाळीस हायत,” पंडित मागून ओरडला.

“दादा, सेलूच्या मोंढ्यात तीन आडते एकदम बोली लावायले तर आवाज लय मोठा येतो. भाव कळतो का? माळवदावर तिन्ही टॉवर सारख्याच जोरानं बोलायलेत. मागच्या खोलीच्या मातीच्या भिंतींनी दोघांना अडवलंय. एकच बोलतोय, हळू, पण कळतंय. तो क्वालिटीचा आकडा वजा दहाच्या आसपास असला की ऐकू येतं, वजा सतराला नुसता गलका.”

राउटर मागच्या खोलीत, पिठाच्या डब्यावर ठेवला. तो चालू झाला. मग सुलाबाईचा अंगठा. चक्र एकदा फिरलं आणि पावती सरसर बाहेर आली. साहेबांनी केंद्राच्या कागदावर सही केली.

पंडित तेवढ्यात दिसेनासा झाला होता. दुसऱ्या दिवशी फाट्यावर तो एका गिऱ्हाइकाला मान मागं टाकून सांगत होता, “नुसता जोर बघून चालत न्हाई. क्वालिटी बघावी लागते. त्रिवेणीवहिनीच्या घरी मीच राउटर खाली घ्यायला लावला.”

गिऱ्हाइकानं विचारलं, “मग क्वालिटी किती पाह्यजे?”

पंडितनं डोळे मिटले.

“फर्स्ट क्लास,” तो म्हणाला. “लिहून घ्या.”