पंखाचा वारा

समस्त ग्रामस्थ, पाहुणेमंडळी आणि पारावर बसलेले रिकामटेकडे यांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमच्या थोरल्या बंधूंच्या खोकल्यास आज एक वर्ष पूर्ण होत असून, त्यानिमित्त खोकला स्वतः हजर आहे. तरी कुणीही नवीन काढा सुचवू नये.

ही घोषणा मी आमच्या ओसरीवर, हातात पळी घेऊन, खड्या आवाजात केली होती. दादा हसला. हसला आणि खोकला सुरू झाला, आणि तो थांबेचना. कोरडा, आतून खरवडल्यासारखा. वैनी पाणी घेऊन आली तर त्याला तांब्या तोंडाला लावता येईना. ओठ जांभळे पडले. मी पळी खाली ठेवली. त्यानंतर मी दादाला हसवलं नाही. हसवण्यावरच ज्याचा गावात मान, त्या माणसाला ही सजा किती मोठी ते माझं मला माहीत.

आमचं गाव ताडकळसपासून मोटारसायकलीनं पंधरा मिनिटांवर. शेती दोघांची एकत्र. दादाला शेतीपेक्षा एक मोठं वेड होतं, आणि ते वेड घराच्या माळवदावर राहत होतं. कबुतरं, चाळीस-बेचाळीस. परभणीच्या एका म्हाताऱ्या उस्तादाकडून तरुणपणी शौक लागलेला. सकाळी ढाबळ, म्हणजे कबुतरांचं खुराडं, उघडायची, शीळ घालायची, अख्खा थवा आभाळात फेकायचा आणि मान वर करून उभं राहायचं. तीस वर्षं दादानं सकाळी जमिनीकडे पाहिलेलं मला आठवत नाही.

खोकल्यावर आधी तालुक्याला दाखवलं. थुंकी तपासली, क्षयाचा जंतू निघाला नाही. दम्याचा पंप दिला, फरक पडला नाही. एक्स-रेवर दोन्हीकडे खाली धुरकट दिसलं, त्याला कुणी जुना कफ म्हटलं, कुणी धुळीचा त्रास. आणि मग आमच्या घरानं स्वतःच्या अकलेनं उपाय केला.

आमच्याकडं जुनी समजूत आहे. अंगावरून वारं गेलेल्या माणसाला, दम लागणाऱ्याला कबुतराच्या पंखाचा वारा चांगला. उस्तादानंही निरोप पाठवला, ‘परिंदों की हवा में शिफा है।’ पाखरांच्या वाऱ्यात गुण आहे. वैनीला शंका होती. पण मी म्हणालो, औषधानं झालं नाही, तर हे करून बघू. दादाची खाट मी स्वतः डोक्यावर घेऊन माळवदावर नेली, ढाबळीला चिकटून टाकली, वर पत्रा घातला. दादा खूश. कबुतरं खूश. संध्याकाळी ती परत येताना फडफड करत उतरायची आणि त्या उन्हाच्या तिरिपेत बारीक पांढरी भुकटी तरंगताना दिसायची. मला ती फार सुंदर वाटायची. मी ती बघायला मुद्दाम जायचो.

दोन महिन्यांत दादाला जिना चढवेना. मधल्या पायरीवर बसून तो माझ्याकडं असं बघायचा की मला दुसरीकडं बघावं लागे.

शेवटी परभणीला, छातीच्या डॉक्टरबाईंकडं. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. जाताना जीपमध्ये दादानं आम्हाला दम भरला.

“कबुतराचं नाव काढायचं न्हाई.”

“का बरं?” वैनी.

“डाक्टर लोकायला कायतरी बंद करायची सवयच असती. बिडी मी कवाच सोडली. आता बंद करायला माज्याकडं दुसरं काय हाय?”

आम्ही माना डोलावल्या.

डॉक्टरबाईंनी त्याची बोटं पाहिली. टोकं फुगून नखं गोल झाली होती. आम्ही रोज पाहत होतो आणि आमच्या ध्यानातही आलं नव्हतं. पाठीला नळी लावून त्यांनी बराच वेळ ऐकलं. मग मलाही ऐकवलं. दादानं श्वास आत घेतला की शेवटी शेवटी बारीक चरचर, सँडलचा चिकटपट्टा ओढून सोडवावा तशी. माझ्या सख्ख्या भावाच्या पाठीतून तो आवाज येत होता. बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावला: बसून चौऱ्याण्णव. व्हरांड्यात सहा मिनिटं चालवलं: शहाऐंशी.

“साधा एक्स-रे पुरणार नाही,” त्या म्हणाल्या. “बारीक कापांचा स्कॅन करू.”

स्कॅनच्या खोलीत इंजेक्शन नाही, टोचणं नाही. मशीनमधून आवाज येतो: श्वास घ्या, रोखा. दादाला रोखता येईना, खोकला मध्येच फुटे. मशीनवरच्या माणसानं तीनदा समजावलं. मग श्वास पूर्ण सोडून रोखायला लावला, आणि शेवटी पालथं झोपवून पुन्हा. मी काचेमागून विचारलं, पालथं कशाला? तो म्हणाला, उताणं पडलं की पाठीकडचं फुप्फुस वजनानं दबतं, तिथं खोटी सावली येते. पालथं केल्यावर जी सावली जाते ती खोटी. राहते ती खरी.

मी काचेला नाक लावून उभा होतो. मनात एकच धोशा, जाऊ दे, सावली जाऊ दे.

गेली नाही.

डॉक्टरबाईंनी पडद्यावर काप एकामागून एक सरकवले, पावाच्या लादीसारखे. “काळं म्हणजे हवा. चांगलं फुप्फुस जवळजवळ सगळं काळं दिसतं. हे पांढरं जाळं बघा. हवेच्या पिशव्यांच्या मधल्या भिंती जाड होऊन त्यांचे व्रण झालेत. आणि ह्या नळ्या व्रणांनी ओढून रुंद केल्यात.” मग कडेला बोट नेलं. तिथं बारीक बारीक भोकं, एकावर एक. “याला आम्ही मधाचं पोळं म्हणतो.”

गोड नाव ऐकून मी सवयीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांच्या चेहऱ्याकडं पाहून मिटलं.

“हे परत नीट व्हतंय का?” वैनीनं विचारलं.

“पोळं झालं ते परत येत नाही. व्रण पुसणारं औषध नाही. पुढं वाढण्याचा वेग कमी करता येतो.”

“किती कमी?”

“ते कारणावर आहे.” त्यांनी श्वास सोडून काढलेले काप लावले. करड्या भागांच्या मधे मधे काळे तुकडे दिसत होते. “श्वास सोडल्यावर हे करडे व्हायला हवे होते. इथली हवा आत गेली ती बाहेर निघत नाही, म्हणजे बारीक नळ्यांनाही सूज आहे. असं चित्र बहुतेकदा बाहेरचं काहीतरी रोज श्वासात जात असलं की दिसतं. घरात काय आहे? बुरसटलेला कडबा? कूलर? पक्षी?”

“कडबा हाय,” दादा म्हणाला.

“पक्षी?”

“चिमण्या येतेत अंगनात.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “नीट ऐका. कारण सापडलं नाही तर मला वेगळा आजार धरून औषध द्यावं लागेल. आणि कारण घरात तसंच राहिलं तर कुठलंही औषध दिलं तरी हे जाळं वर चढत जाईल. मग घरात बसूनही ऑक्सिजन लागेल. म्हणून तिसऱ्यांदा विचारते.”

वैनी माझ्याकडं बघत होती. दादाही. मी आयुष्यात मोजता येणार नाहीत इतक्या थापा मारल्या आहेत, लग्नात, बाजारात, सासुरवाडीत. त्या दिवशी माझ्याच्यानं नुसतं गप्पसुद्धा राहवेना.

“चाळीस कबुतरं हायत,” मी म्हणालो. “आन ह्याची खाट त्यांच्या बुडाशी हाय. मीच टाकली.”

दादा खुर्चीतून उठला, दोन पावलं चालला आणि धाप लागून पुन्हा बसला. “धाकल्या,” एवढंच म्हणाला.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. कबुतराच्या पंखांवरची भुकटी आणि विष्ठेची धूळ काही जणांच्या फुप्फुसाला सोसत नाही, शरीर त्याच्याशी भांडतं आणि भांडण वर्षानुवर्षं चाललं की व्रण होतात, असं त्यांनी सांगितलं. सूज ओसरावी म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या, हळूहळू कमी करायच्या. व्रण वाढण्याचा वेग रोखणारी दुसरी गोळी, जिनं जुलाब होतील, यकृताची तपासणी करत राहावी लागेल. फ्लू आणि न्यूमोनियाची लस. “पण पहिलं औषध म्हणजे कबुतरं जाणं. ती गेली तरी धूळ महिनोन्‌महिने घरात राहते. झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. आणि पुसताना पेशंट घरात नको.”

कबुतरं मी टोपल्यांत भरून उस्तादाकडं सोडली. दादा माझ्याशी बोलायचा बंद झाला होता. गाद्या-गोधड्या टाकल्या, नाकाला फडकं बांधून वैनी आणि मी माळवद धुतलं, ढाबळीचं दार काढलं. चौथ्या दिवशी सकाळी फडफड ऐकू आली. चोवीस जण परत आले होते. जिथली सवय तिथं येणार, हे दादानंच त्यांना तीस वर्षं शिकवलं होतं. मी पुन्हा नेली, पुन्हा आली. ढाबळ मोडली, तर कठड्यावर बसली. मी दगड हातात घेतला आणि तो मारू शकलो नाही. मला त्या मुक्या जिवांची भीती वाटायला लागली होती. गळ्यात घुंगरासारखं घुमत ती माझ्या भावाची वाट बघत होती.

दादा खाली अंगणात उभा राहून वर बघत होता. खूप दिवसांनी बोलला.

“ते काय जाणार न्हाईत. मीच जातो.”

आणि तो गेला. सेलूला लेकीकडं, दोन खोल्यांच्या घरात, जिथं माळवद नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी स्वतःचं घर पाखरांना सोडून एक पिशवी घेऊन गाडीत बसला. खिडकीतून वैनीला म्हणाला, “दाणे टाकू नगंस. टाकले तर ऱ्हातील.” मग माझ्याकडं बघून, “आन हा टाकंल. ह्याच्यावर नजर ठेव.”

पुढचे चार महिने मी फोन वाजला की दचकायचो. जुलाबानं तो वाळला. स्टेरॉइडनं चेहरा मात्र सुजला. रात्रीची झोप गेली. खोकला कमी वाटतोय, असं लेक सांगायची, पण लेकी असंच सांगतात. मी मोबाईलवर फुप्फुसातल्या मधाच्या पोळ्याचे फोटो शोधून बघायचो आणि पटकन बंद करायचो.

तपासणीच्या दिवशी आम्ही परभणीला भेटलो. स्कॅन पुन्हा झाला. दादानं श्वास मोजणाऱ्या यंत्रात फुंकर मारली, एकदा, दोनदा, तीनदा. नाक चिमट्यानं बंद, डोळे बाहेर आलेले. मग व्हरांड्यात सहा मिनिटं चालला. मी त्याच्या मागं मागं, बोटाच्या चिमट्यावरचा आकडा बघत. एक्क्याण्णव. नव्वद. एकोणनव्वद. तिथं थांबला, खाली उतरला नाही. मी मनातल्या मनात त्या आकड्याला हात जोडले.

डॉक्टरबाईंनी जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवला. एकेका ओळीवरून पेन फिरवत राहिल्या. पंखा फिरत होता. वैनीनं पदराचं टोक दातात धरलं होतं. दादा भिंतीवरच्या फुप्फुसाच्या चित्राकडं बघत होता.

“व्रण आहेत तिथंच आहेत,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “कमी झालेले नाहीत, होणारही नाहीत. पण सूज थोडी उतरली आहे, आणि गेल्या चार महिन्यांत आजार वाढलेला नाही. पुढंही वाढणार नाही असं मी सांगू शकत नाही.”

वैनी ताडकन उठून उभी राहिली आणि बाहेरच्या बाकावरचे पेशंटसुद्धा वळून बघतील इतक्या मोठ्यानं ओरडली, “मंग तसंच ऱ्हाऊ द्या बाई! आता त्याला कुनी हात लावू नका!”