आईच्या वर्गाचे अठ्ठावन्न टक्के

आमच्या घरात पाटीच्या आधी पत्रकं आली. बाबा कोल्हापुरातल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि सुट्टीच्या दिवशी वस्तीसाठी पत्रकं छापून आणायचे. कधी नळाच्या पाण्यासाठी, कधी अडकलेल्या शिष्यवृत्त्यांसाठी. मी अक्षरं त्यांवरच शिकले, त्यामुळं माझ्या साध्या बोलण्यालाही उद्गारचिन्ह असायचं. "भात करपला आहे! जबाबदार कोण?" असं मी सहा-सात वर्षांची असताना विचारलं होतं म्हणे. आईनं सांगितलं, "तूच. तुला बघ म्हटलं होतं न्हवं?"

आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. संध्याकाळी ती वस्तीतल्या विहाराच्या एका खोलीत दहावीचा मोफत वर्ग घ्यायची. दुसऱ्या खोलीत सरांचा वर्ग भरायचा. सर आईबरोबरच शिकलेले, हायस्कुलात गणिताचे शिक्षक, आवाज करडा आणि मन लोण्याचं. त्यांचा वर्ग उन्हाळ्याच्या सुट्टीतच सुरू व्हायचा, म्हणून नववी पास होऊन आलेली ताजी पोरं त्यांच्याकडं जायची. जूनमध्ये दहावीचा निकाल लागला की मग दुसरी पोरं यायची. खांदे पाडून, मार्कलिस्ट खिशात दुमडून. तोवर सरांची खोली भरत आलेली असायची. आई दाराशी उभी राहून म्हणायची, "जय भीम. आत ये. चप्पल बाहेर, लाजबी बाहेर." मार्कलिस्ट तिनं कधी मागितली नाही. विहाराच्या दारातून कुणाला परत पाठवायचं नाही, एवढा एकच नियम तिनं स्वतःला घालून घेतला होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतलं होतं. त्या वर्षी विहाराच्या समितीनं ठरवलं की एका खोलीत वाचनालय करायचं. म्हणजे वर्ग एकच राहणार. कुणाचा, ते निकालावरून ठरणार. दोन्ही वर्गांतून पन्नास-पन्नास पोरं परीक्षेला बसली होती. आईची एकोणतीस पास झाली, सरांची छत्तीस. अठ्ठावन्न टक्के आणि बहात्तर टक्के.

अध्यक्षांनी हे आमच्या दारात येऊनच सांगितलं. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. शिरोळकडचे, साखर कारखान्याच्या शेतकी विभागात नोकरी करून निवृत्त झालेले. "बाई, मनाला लावून घिऊ नका," ते म्हणाले. "रविवारी बैठक हाय. पण आकडा त्यो आकडाच की."

ते गेल्यावर मी कागद ओढला आणि अर्ध्या तासात पत्रक लिहिलं. 'बाईमाणसाला डावलण्याचा कट उधळून लावा!' असं काहीतरी. बाबांनी चष्मा लावून ते वाचलं, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले.

"कट कशावरनं?"

"बाबा, दिसत नाही का?"

"मला दिसतंय गं. छापल्यावर लोकांनाबी दिसाय पायजे. पुरावा आण, मग खिळं जुळवतो."

मी आईकडं बघितलं. तिनं माझी बाजू घ्यावी, निदान चिडावं, असं मला वाटत होतं. ती भाकरी थापत होती. परातीतून डोकं वर न काढता म्हणाली, "कट न्हाय काय न्हाय. माझी पोरं जास्त पडत्यात, हे खरंच हाय. सरांचं शिकवणं बरं असंल. मी आपली सांगत बसती."

वीस वर्षं शिकवलेली बाई एका आकड्यावर स्वतःला वाईट शिक्षिका मानून मोकळी झाली होती, आणि हे ती शांतपणे, पीठ मळल्या हातानं सांगत होती. खोलीपेक्षा ते मला जास्त लागलं.

"कोण कोण पडलं?" मी विचारलं.

ती सांगू लागली. आकडे नव्हे, पोरं. नेसरीहून मामाकडं राहायला आलेला, तिसऱ्यांदा बसलेला. कागलच्या रस्त्यावर टायरच्या दुकानात काम करून येणारा, इंग्रजीत दोनदा गेलेला. लग्न ठरवून शाळेतून काढलेली आणि मग पुन्हा आलेली एक. ती एकेकाची खोड, एकेकाची आई, एकेकाचं अडलेलं गणित सांगत गेली. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की पहिल्यांदाच बसलेलं पोर त्यात एखादंच आहे.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडं गेले. त्यांनी न विचारता आपल्या वर्गाची यादी दिली. "तुझ्या आईसाठी काय निघत असंल तर काढ. मला ती खोली एकट्याला नको हाय." मी दोन्ही वर्गांतली पोरं दोन भागांत मांडली, पहिल्यांदा बसलेली आणि आधी नापास झालेली.

आईकडं पहिल्यांदा बसलेली दहाच होती. त्यातली नऊ पास, नव्वद टक्के. सरांकडं तशी चाळीस, त्यातली बत्तीस पास, ऐंशी टक्के. आधी नापास झालेली आईकडं चाळीस, त्यातली वीस पास, पन्नास टक्के. सरांकडं दहा, त्यातली चार पास, चाळीस टक्के.

मी दोनदा तपासलं. ताज्या पोरांत आई पुढं. नापास पोरांतही आई पुढं. आणि सगळी एकत्र केली की सर पुढं! आमच्या मॅडमनी असा एक तक्ता फळ्यावर मांडला होता आणि त्याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात असं सांगितलं होतं. मी तो परीक्षेपुरता पाठ केला होता. आता तो विहाराच्या दोन खोल्यांत बसला होता.

रविवारी बैठकीला सगळे सतरंजीवर बसले. मी खडू घेऊन तक्ता काढला, आणि पत्रकाच्या सवयीनं आवाज चढवला, "हा अन्याय आहे!" बाबा मागून खोकले. मी आवाज उतरवला.

"बेरीज चुकली का?" आप्पांनी विचारलं.

"नाही, आप्पा. अठ्ठावन्न आणि बहात्तर बरोबर आहेत."

"मग दोन्हीकडं बाई पुढं आन् मिळून मागं, हे कसं? गंडवालीस काय आम्हाला?"

सतरंजीवर हशा पिकला. मी फळ्यावर बोट ठेवलं. "आईचे अठ्ठावन्न हे नव्वद आणि पन्नास यांच्या मधले आहेत. पण नव्वदवाली पोरं तिच्याकडं दहाच, पन्नासवाली चाळीस. म्हणून एकूण आकडा पन्नासाकडं ओढला जातो. सरांचे बहात्तर हे ऐंशी आणि चाळीस यांच्या मधले. त्यांच्याकडं ऐंशीवाली चाळीस, म्हणून आकडा ऐंशीकडं ओढला जातो. दोघांकडं पंचवीस-पंचवीस पोरं असती आणि हेच प्रमाण टिकलं असतं, तर आईचे सत्तर आले असते आणि सरांचे साठ."

आप्पांनी फळ्यावरचे आकडे बोटांवर मोजून बघितले. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "आरं, ही तर लागण आन् खोडव्याची गोष्ट!"

कुणाला कळलं नाही असं नव्हतं, तरी त्यांनी सांगितलंच. नवी लावलेली ती लागण. ती तोडल्यावर त्याच बुडख्यातून परत फुटतो तो खोडवा, आणि त्याचं वजन कमीच भरतं. "आमच्यात कुणी एकरी टनेज सांगाय लागला की आधी इचारत्यात, लागण का खोडवा? ज्याच्या रानात खोडवाच जास्त, त्याचं टनेज मिळून कमीच दिसणार. शेतकरी वाईट म्हणून न्हवं. चाळीस वर्षं ऊस बघितला मी, आन् हितं इचारायचं सुचलं न्हाय."

तेवढ्यात सर उठले. मला वाटलं, आता आईची बाजू घेतील. ते म्हणाले, "पोरी, ही विभागणी तूच निवडलीस. उद्या कुणी चांगलं अक्षर, वाईट अक्षर असं पाडून तिसरंच काढंल. मग कोणतं खरं धरायचं?"

मला राग आला. पण प्रश्न योग्य होता. मी उत्तर दिलं. "सर, अक्षर वर्गात आल्यावर सुधारतं. ते शिकवण्याचंच फळ असू शकतं. नापासाची मार्कलिस्ट वर्गात येण्याआधीच खिशात असते. पोरानं पास होणं किती अवघड आहे तेही तिच्यावर ठरतं, आणि ते कुणाच्या दारात जाणार तेही तिच्यावरच. म्हणून ती वेगळी काढल्याशिवाय दोन वर्ग शेजारी ठेवताच येत नाहीत."

सरांनी मान हलवली. "बरोबर. आणि अजून एक सांग सगळ्यांना. दहातलं एक पोर इकडचं तिकडं झालं तर दहा टक्के हलतात."

"होय. म्हणून आई तुमच्यापेक्षा चांगली शिकवते, असं मी म्हणत नाही. ती वाईट शिकवते हे अठ्ठावन्नावरून म्हणता येत नाही, एवढंच."

"मी म्हणतो की," सर म्हणाले. "चांगली शिकवती. डी.एड.ला माझी वही तिच्यावरनंच पुरी व्हायची."

आई खाली बघून पदराचं टोक गुंडाळत होती. समितीतल्या एकानं सल्ला दिला, "मग बाईंनी नापास पोरं जरा कमीच घ्यावीत. निकाल आपोआप वर जाईल."

आईनं मान वर केली. "आन् त्यांनी कुठं जायाचं?"

मग ती आप्पांकडं वळली.

"आन् आप्पा, एक सांगू? माझ्या पोरांना खोडवा म्हणायचं न्हाय. उसाला कळत न्हाय. पोरांना कळतंय."

आप्पांनी कानाची पाळी धरली. "चुकलं, बाई."

बैठकीत सरांनीच तोड सुचवली. वर्ग एकच, शिकवायचं दोघांनी, गणित त्यांनी आणि इंग्रजी-मराठी आईनं. ताजी आणि परत आलेली पोरं एकाच सतरंजीवर. निकाल लिहिताना मात्र दोन रकाने करायचे आणि एकूण आकडा त्यांच्या खाली, एकटा कधी नाही. समितीनं मान्य केलं.

घरी येताना मी हवेत होते. बाबांना म्हटलं, आता छापा पत्रक, तक्त्यासकट. ते तयारच होते. आईनं मात्र तक्त्याचा कागद माझ्या हातातून घेतला आणि दिव्याखाली धरला. आपले नव्वद आणि पन्नास ती बघेल असं मला वाटलं. तिनं बोट चाळीस आणि वीस यांच्यावर ठेवलं.

"म्हंजे ह्यातली वीस राहिली की."

"आई, पन्नास टक्के म्हणजे—"

"कळलं मला. चांगलं शिकवती मी. आज कळलं." ती हसली, आणि त्या हसण्यात बैठकीआधीची बाई नव्हती. "म्हणून तर म्हणती, उद्या त्या नेसरीच्या पोराच्या मामाकडं जाऊया. त्याला पुन्हा बसवाय मामा तयार न्हाय. तूबी चल. तुझा आवाज मोठा हाय, मामा जरा भिईल."

पत्रक छापलं गेलं नाही. मी लिहिलेल्या त्या पहिल्या कागदाची मागची बाजू कोरी होती. सकाळी मामाच्या ओट्यावर बसून त्या पोरानं त्याच्यावर एक समीकरण सोडवलं. चुकलं. आईनं पेन्सिल घेतली आणि त्याच्या शेजारी सरकून बसली.