नागिणीची लस आणि माझं तिकीट

लस घ्यायची कल्पना माझी, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर म्हणाल, म्हातारीला धरून नेलं. नाशिकला आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंना नागीण झाली होती. पाठीपासून पोटापर्यंत फोड आणि रात्रभर विव्हळणं. फोड गेले, पण त्या जागेला पदर लागला तरी अजून त्या ओरडतात. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस आटोपतो, वगैरे बायका बोलत होत्या. तसलं काही मी मानत नाही, पण ते विव्हळणं ऐकलंय ना मी. म्हणून जेव्हा इथे, परदेशात लेकाकडे, सूनबाई जेवताना म्हणाली, की नागिणीची लस औषधांच्या दुकानातच देतात, डॉक्टरकडेही जावं लागत नाही, तेव्हा मीच म्हटलं, चला, घेऊन टाकू. जायच्या आधी एवढं तरी माझ्यासाठी करून घेते.

जायच्या आधी. कारण माझं परतीचं तिकीट ऑगस्टअखेरचं होतं आणि राहिलेले दिवस मी रोज मनात मोजत होते.

लेक वाईट नाही माझा. सूनही गुणी आहे. नातू तर असा, की हसला की सगळा राग पाणी. पण सकाळी दोघं कामाला गेले, की त्या घरात मी आणि तो. मागे कुंपण, पुढे कुंपण, मधे वॉशिंग मशीन. बाहेर पडून दार ओढलं, की आपोआप बंद. एकदा नातवाला पाळण्यात ठेवून कपडे वाळत घालायला गेले आणि वाऱ्याने दार लागलं. आत पोरगं रडतंय, बाहेर मी गाऊनवर! मागची खिडकी उघडी होती म्हणून निभावलं. त्या दिवसापासून मी बाहेर जाणंच सोडलं. आमच्या भागातलं पापाकुराचं रेल्वे स्टेशन काही फार लांब नाही, गाड्या जाताना ऐकू यायच्या. पण गाडीत बसून जायचं कुठे, आणि पोराला घेऊन? ऐकत बसायचे नुसती.

का जायचंय म्हणून सगळे विचारायचे. तिथे तुझं कोण आहे, आई? कोणी नाही. मला माझ्या घरी जायचंय. माझ्या गॅसवर माझा चहा करायचाय आणि दुपारी दोन तास कोणी हाक न मारता आडवं व्हायचंय. याला काय अर्ज करायचा असतो का?

असो. शनिवारी लेक मला घेऊन गेला. दुकान नेहमीचंच, पुढे शांपू आणि खोकल्याची औषधं, मागे काउंटर, बाजूला एवढीशी खोली. लस देणारी फार्मसिस्ट मुलगी दिसायला अगदी आपली. मी आनंदाने हिंदीत सुरू केलं, तर ती म्हणाली, "सॉरी आंटी." तिचे पणजोबा म्हणे इथल्या पुकेकोहे गावी बटाटे-कांदे पिकवायला आले होते, आता घरात सगळं इंग्रजीच. बँकेत तीस वर्षं काढलीत मी, इंग्रजी मला कळतं. पण ही बोलणार घाईत आणि तेही इथल्या उच्चारांत, तेव्हा अर्धं डोक्यावरून जातं. आणि माझ्या आधी उत्तर द्यायला लेक तयार.

तिने नीट विचारलं सगळं. आज ताप आहे का, पूर्वी कुठल्या लसीने त्रास झालाय का, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत का, कॅन्सरचे वगैरे उपचार चाललेत का, नागीण कधी होऊन गेलीय का. मी मान हलवायची, लेक "नो, नो" म्हणायचा. मग ती दोन डोसांबद्दल खूप काही बोलली, बोटांनी दोन आणि सहा दाखवून. लेक म्हणाला, "येप, स्वीट अ‍ॅज." म्हणजे, झकास. मला म्हणाला, "दोन डोस आहेत, आई." बस्स. पाच मिनिटांचं बोलणं आणि भाषांतर चार शब्दांचं! तेव्हाच मला खटकायला हवं होतं, पण माझं लक्ष सुईकडे. दंड दुखेल, एक-दोन दिवस कणकण येईल, दमल्यासारखं वाटेल, हे मात्र त्याने सांगितलं. मी सही केली, बाही वर केली, आणि टोचून झालंसुद्धा.

लस घेतल्यावर लगेच घरी सोडत नाहीत. क्वचित कोणाला जोराची रिअ‍ॅक्शन येते, कोणी चक्कर येऊन पडतं, म्हणून त्यांच्या डोळ्यांसमोर पंधरा-वीस मिनिटं बसायचं. काउंटरशेजारी तीन खुर्च्या होत्या. एकीवर फ्लूची लस घेतलेले, जँडल म्हणजे रबरी चपला घातलेले आजोबा. इथल्या ऑगस्टच्या थंडीत जँडल! मी मधल्या खुर्चीवर, माझ्या पलीकडे लेक.

ती मुलगी कार्ड घेऊन आली. लसीचं नाव, बॅचचा नंबर, आजची तारीख, कुठल्या दंडात दिली ते, सगळं लिहिलेलं. तिने विचारलं, दुसऱ्या डोसाची आठवण फोनवर पाठवू का? कधीची?

आणि माझा लेक म्हणाला, अगदी सहज, की उशिरातली उशिराची टाका, फेब्रुवारीची. तिकीट पुढे ढकलतोय आम्ही. शी इज हिअर फॉर हीप्स लाँगर. म्हणजे अजून कितीतरी महिने.

हे मला स्पष्ट कळलं. यातला एक शब्दही डोक्यावरून गेला नाही.

ती आत गेली. मी मराठीत सुरू झाले. चेहरा हसरा ठेवून, कारण शेजारी आजोबा बसलेले.

"कोणाचं तिकीट ढकलतोयस?"

"आई, घरी बोलू."

"घरी नाही, इथेच. कोणाचं?"

"अगं, दुसरा डोस राहील ना मग. अर्धवट लस घेऊन काय उपयोग? व्हिसाला मुदत आहे अजून."

"म्हणजे लस माझ्यासाठी नाही, मला बांधून ठेवायला?"

"असं काय बोलतेस? लस घेऊ म्हणून तूच म्हणालीस."

खरंच होतं ते, म्हणून आणखीच संताप आला. म्हणजे मीच चालत आले, मीच दंड पुढे केला, आणि आता दावं गळ्यात! उठून तरातरा चालू लागावं असं वाटलं. पण उठणार कशी, बसायला सांगितलेलं. आणि उठून जाणार कुठे? गाडी त्याची, किल्ली त्याची, रस्ता त्याला ठाऊक. भर दुकानात, लोकांसमोर, मी त्या प्लास्टिकच्या खुर्चीत अडकून पडले होते. मला आयुष्यात इतकं असहाय वाटलेलं नाही. ह्यांच्या आजारपणातसुद्धा नाही, तेव्हा निदान धावाधाव करता येत होती.

"सूनबाईला माहीत आहे?"

त्याने खिशातून फोन काढून चाळायला घेतला.

"म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. तिकीट ज्याचं, त्याला सोडून!"

माझे कान तापले, मानेवर घाम आला. तेवढ्यात ती मुलगी काउंटरमागून बघते तर माझा चेहरा लालबुंद. धावतच आली. नाडी बघितली, रक्तदाब घेतला. श्वास नीट येतोय का, घसा आवळल्यासारखा वाटतोय का, अंगाला खाज, ओठांना सूज? लेक मधेच, "शी इज फाइन, शी इज फाइन." पण ती ऐकते कुठली! नाडी जोरात चाललीय, म्हणाली, अजून थोडा वेळ बसावं लागेल. घ्या! रागवायचीही चोरी. रागावले तर खुर्चीतला मुक्काम वाढला.

मग मात्र माझा बांध फुटला. सगळं आयुष्य व्यवस्थित वाक्यं जुळवण्यात गेलं, पण त्या क्षणी जे इंग्रजी आलं ते आलं.

"आय अ‍ॅम नॉट फाइन," मी म्हणाले. "आय अ‍ॅम अँग्री."

ती दचकली. "माझ्यावर?"

"नो. ऑन हिम."

जँडलवाल्या आजोबांनी लगेच खोकल्याच्या औषधांकडे तोंड फिरवलं. ती मुलगी माझ्यासमोर उकिडवी बसली. मी तिला म्हटलं, हळू बोल आणि माझ्याशी बोल. दुसरा डोस मी भारतात घेतला तर चालेल का?

चालेल की, ती म्हणाली. आणि आता सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगू लागली. दोन महिन्यांनंतर आणि सहा महिन्यांच्या आत घ्यायचा. तुमच्या डॉक्टरांना आधी फोन करून विचारा, हीच लस तिथे मिळते का. हे कार्ड त्यांना दाखवा, म्हणजे पहिली कुठली आणि कधी दिली ते त्यांना कळेल. इथल्या रजिस्टरात नोंद आहे, पण ती त्यांना दिसणार नाही, म्हणून कार्ड हरवू नका, फोटोही काढून ठेवा. समजा उशीर झालाच, तरी पहिल्यापासून सुरू करायचं नाही, राहिलेला तेवढा घ्यायचा.

"हे मघाशी सांगितलं होतंस?" मी विचारलं.

तिने एकदा लेकाकडे बघितलं. "इथे नसाल तर तिथे घेता येईल, एवढं सांगितलं होतं," ती हळूच म्हणाली.

तो जमिनीकडे बघत होता. कान लाल. लहानपणी खोटं पकडलं की असाच करायचा. माझा राग होता तसाच होता, पण त्याची वळलेली कॉलर नीट करावीशीही वाटली.

तिने पुन्हा नाडी बघितली, आता ठीक आहे म्हणाली. लेकाने सवयीने कार्डासाठी हात पुढे केला. मी ते माझ्या पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढली.

गाडीत बसलो. त्याने पट्टा लावला, पण गाडी सुरू केली नाही.

"पाळणाघरात जागा नाहीये आई," तो म्हणाला. "हिने काम सोडलं तर घराचे हप्ते नाही निघत. कुठल्या तोंडानं विचारू तुला, कळेना. वाटलं, डोसाचं निमित्त झालं तर तू आपणहून राहशील."

"मला सरळ विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस तर?"

मी माझा पट्टा लावून घेतला. त्याने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाला, "विचारतो आता. राहशील का? फेब्रुवारीपर्यंत?"

इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदा कोणीतरी काहीतरी विचारत होतं. खुर्चीत बसून मी मनाशी म्हटलं होतं, विचारलं असतंस तर राहिले असते रे. शपथेवर सांगते, खरंच वाटलं होतं तसं.

"नाही," मी म्हणाले. "मला घरी जायचंय."

"बरं," तो म्हणाला. आवाज पार खोल गेला होता. नाक ओढलं त्याने, आणि गाडी सुरू केली.

मी खिडकीबाहेर तोंड केलं. सिग्नल गेला, शाळा गेली, कोपऱ्यावरची डेअरी गेली, घराचं वळण आलं, तरी मी मान वळवली नाही. एकदा जरी त्याच्याकडे बघितलं असतं, तर राहिले असते.