आमच्या बी ग्रेडच्या बाई

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं, कारण कॉलेजच्या ग्रुपवर बाईंचं कौतुक म्हणजे प्राचार्यांच्या कपाळाला आठ्या. पण आज धाकट्या बहिणीची फी भरून झाली आणि आता मला राहवत नाहीये. तर घ्या.

बाई म्हणजे आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडम. पांढरा कोट, बाहीला ॲसिडची भोकं, आवाज असा की मागच्या बाकावरची झोपही दचकून उठते. कॉलेजच्या मूल्यांकनाचं कामही त्यांच्याच गळ्यात. काही वर्षांनी कॉलेजला ग्रेड मिळते ना, त्यासाठी निकाल, शिक्षक, लायब्ररी, संशोधन अशी सगळी माहिती पाठवायची असते, मग बाहेरची समिती येऊन बघून जाते. हे काम कोणी मागून घेत नाही. ते चिकटतं.

मागच्या वेळी समिती आली तेव्हा प्राचार्यांनी व्हरांडाभर कुंड्या मांडल्या. समितीतले एक सर म्हणाले, "वा, काय बाग आहे!"

बाई म्हणाल्या, "भाड्याची आहे. उद्या परत जाणार."

ग्रेड आली बी. कुंड्यांमुळे नाही हो, बरेचसे मार्क आधी पाठवलेल्या माहितीवरच ठरतात. पण प्राचार्यांना कुणावर तरी खापर फोडायचं होतं.

आता आमच्या घरातलं महाभारत. धाकटीला मायक्रोबायोलॉजी करायचंय. जागा दोन ठिकाणी मिळाली, आमच्या बीमध्ये आणि नदीपलीकडच्या ए प्लसमध्ये. शुक्रवारपर्यंत एकीकडे फी भरायची, दुसरीकडची जागा गेली.

बाबा म्हणाले, "विचार काय करायचाय? भाजी घेतानाही आपण सडकी बाजूला काढतो."

"म्हणजे मी सडकी?"

"तुझं झालं ते झालं. हिचं तरी वाचवू."

मी इतकी पेटले की दोघांना ओढत बाईंकडे नेलं. मला वाटलं, बाई म्हणतील ग्रेड म्हणजे थोतांड आणि बाबा गप्प बसतील. कसलं काय!

"थोतांड नाहीये," बाई म्हणाल्या. "आम्हाला बी मिळाली ती बरोबरच आहे. आमची लायब्ररी पाचला बंद होते, संशोधनाच्या नावाने बोंब आहे आणि पास झालेली मुलं कुठे गेली ते आम्हालाच माहीत नाही."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं!

"पण अहो, ग्रेड अख्ख्या कॉलेजला मिळते. हिच्या विषयाला वेगळी नाही मिळत. घराला चांगला रंग आहे म्हणून प्रत्येक नळाला पाणी येतं का?"

"मग ग्रेड बघायचीच नाही?"

"बघायची की. जुनं कॉलेज असून कधी मूल्यांकनच करून घेतलं नसेल, तर का नाही ते विचारायचं. नवं असेल तर गोष्ट वेगळी. पण ए प्लस आणि बी यांत निवडायचं तर विषयाच्या दारात जाऊन उभं राहा. ग्रेड कधीची? तेव्हा हा विषय होता का? शिकवतं कोण? प्रॅक्टिकल कुठे होतात? आणि हे ऑफिसात विचारू नका, मुलांना विचारा."

दुसऱ्या दिवशी आम्ही ए प्लसमध्ये. लायब्ररी अशी की मला रडू आलं, खरंच. केमिस्ट्रीची लॅब तर स्वप्नच. बाबा फुलले होते. मग धाकटीने मायक्रोच्या एका मुलीला गाठलं.

"ताई, तुमचे प्रॅक्टिकल कुठे होतात?"

"होतील," ती म्हणाली. "विषय गेल्या वर्षीच सुरू झालाय. इन्क्युबेटर अजून खोक्यात आहे. आम्ही बॅक्टेरिया व्हिडिओत वाढवतो."

ग्रेड चार वर्षांपूर्वीची होती. मुदत संपलेली नव्हती, खोटीही नव्हती. फक्त ती मिळाली तेव्हा हा विषयच नव्हता! शिकवायला दोन मॅडम, दोघी तासांच्या पैशांवर, कायम कोणीच नाही.

तिथून थेट आमच्या मायक्रोच्या लॅबमध्ये. जुनाट टेबलं, पण ताटल्यांमध्ये काहीतरी हिरवं-पिवळं मस्त वाढलेलं, आणि दहा-बारा वर्षं तिथेच शिकवणारे सर स्वतः एका मुलाला झापत होते.

बाबांनी नाक दाबलं. "वास येतोय."

"वाढतायत म्हणून येतोय," धाकटी म्हणाली. तिचा चेहरा बघून मला कळलं, ठरलं हिचं.

घरी आल्या आल्या बाबांनी साबणाने हात धुतले. मग म्हणाले, "पण आत्याला काय सांगू? दोन्ही पोरी बीमध्ये?"

"सांगा, एक सडकी होती, दुसरी तिच्या नादाला लागली," मी म्हटलं. ते हसले. हसायचं नव्हतं त्यांना, पण हसले. आज स्वतः जाऊन फी भरून आले.

धाकटीने बाईंना सांगितलं तर तिला म्हणाल्या, "एम.एस्सी.च्या वेळी पुन्हा सगळी कॉलेजं बघ गं. तेव्हा संशोधन लागेल, आणि ते आमच्याकडे नाही." आपल्याच कॉलेजबद्दल असं कोण बोलतं?

बाई या महिन्याअखेर रिटायर होतायत. घरात कुणाचं ॲडमिशन असेल, किंवा घरात कुणी आमच्या बाबांसारखं असेल, तर केमिस्ट्री स्टाफरूममध्ये जा आणि बाईंना भेटा. या आठवड्यातच जा. ओरडतील, पण जा.