गरम इंजिनाचं झाकण

ती माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठी होती. कॅम्प-१ या कामगार वस्तीत आमच्या गल्लीच्या पलीकडच्या गल्लीत राहायची. नवरा प्लांटमध्ये ठेक्यावर होता, तो वारल्यावर ती शिवणकाम करायची. मी तिला ताई म्हणायची. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आम्ही एकाच महिन्यात नाव टाकलं आणि परमनंट लायसनही एकाच दिवशी हातात पडलं.

गाडी तिला माझ्यापेक्षा चांगली यायची. हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. मी रिव्हर्स घेताना घामाघूम व्हायची, तेव्हा तीच मागच्या सीटवरून सांगायची, "घाई नको करू वं. आरसा पाह्य, मंग स्टेअरिंग फिरव." सर मात्र सांगायचे नाहीत, हसायचे. "मैडम, पीछे दीवार है, दीवार माफ नहीं करेगी," असं म्हणून बाकीच्यांनाही हसवायचे.

एका खाजगी शाळेला मुलींच्या व्हॅनसाठी बाई ड्रायव्हर हवी होती. शाळेनं सरांना सांगितलं होतं, एक चांगली निवडून द्या. मुलाखतीला आम्ही दोघीच उरलो. सर म्हणाले, आधी परीक्षा घेईन. "टायर और लाइट तो सब रट लेते हैं. मैं बोनट के नीचे का पूछूँगा."

मग आठवडाभर त्यांनी तेच शिकवलं. ऑइल बघायचं तर गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबायचं, पट्टी काढून पुसायची, परत पूर्ण आत घालून काढायची, तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी धरली तर साफ करायची, वायर काढताना आधी मायनसची, जोडताना ती शेवटी. वायपरचं रबर कडक झालं की काचेवर रेघा राहतात, आणि कोरड्या काचेवर वायपर चालवायचा नाही. ताई वायपरच्या रबरावरून बोट फिरवून सांगायची की हे गेलं म्हणून. तेव्हा सर हसायचे नाहीत.

कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, तास झाला त्या दिवशी ती आली नव्हती. आईला घेऊन दवाखान्यात गेली होती. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "काल काय शिकवलं ते सांगजो मले." मी म्हटलं, सांगते. सांगितलं नाही. तेव्हा माझ्या मनात काही वाईट नव्हतं. नंतर मी स्वतःला हे पुष्कळदा सांगितलं आहे.

परीक्षा मे महिन्यात झाली. लेखी पेपर दोघींचा बरा गेला. मग सरांनी एकेकीला अंगणात गाडीजवळ बोलावलं. दुसऱ्या बॅचला घेऊन ते नुकतेच नंदिनी नगरपर्यंत जाऊन आले होते. बोनट उघडं होतं, आतून धग येत होती.

माझा नंबर आधी लागला. ऑइल विचारलं, बॅटरी विचारली. मग म्हणाले, "कूलेंट चेक करके दिखाओ."

माझा हात रेडिएटरच्या झाकणाकडे गेला. सर एक पाऊल मागे सरले. त्यांचं ते मागे सरणं मला दिसलं आणि मी हात आखडता घेतला. बाजूच्या अर्धपारदर्शक टाकीवरच्या खुणा दाखवल्या. म्हटलं, "लेवल यहाँ बाहर से देखते हैं, इंजन ठंडा होने पर. गरम में ढक्कन नहीं खोलते, अंदर प्रेशर रहता है."

"याद है," ते म्हणाले. आवाजात थोडी निराशा होती. म्हणजे मी झाकण फिरवलं असतं तर ते थांबवणार नव्हते. त्यांना बघायचं होतं.

"दूसरी को भेजो."

ताई व्हरांड्यात ओढणी नीट करत उभी होती. मला बघून पुढे आली. "काय विचारलं वं त्यानं?"

अंगणापासून व्हरांड्यापर्यंत वीस-पंचवीस पावलं असतील. तेवढ्यात मी ठरवलं, की ती विचारल्यावर ठरवलं, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. पण विचार करायला वेळ होता, हे खरं.

"ऑइल, बॅटरी," मी म्हटलं. "आणि कूलंट."

"ते तर मले येतच नाही. कसं पाहतेत?"

"समोरचं झाकण खोलून आत पाह्यचं."

"गरम असंल ना?"

"कपडा घेऊन खोल."

तिनं मान हलवली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली.

मी व्हरांड्यातच थांबले. आत जाऊन बसता आलं असतं, पण गेले नाही. तिनं ऑइलची पट्टी काढली, ओढणीच्या टोकाला न पुसता चिंधी मागून घेतली, नीट पुसली. बॅटरीवर बोट ठेवून काहीतरी सांगितलं. मग तीच चिंधी तिनं झाकणावर ठेवली आणि दाबून फिरवली. सर पुन्हा एक पाऊल मागे सरले.

आधी फुस्स असा आवाज आला, मग झाकण उडालं आणि पाणी वर आलं, हिरवं, उकळतं. ती ओरडली नाही. उजवा हात छातीशी धरून खालीच बसली आणि तोंड उघडं ठेवून श्वास घेत राहिली.

सर पहिल्यांदा जे बोलले ते हे, "फेल." मग म्हणाले, "अरे, पानी लाओ कोई."

पाणी मीच नेलं. बादलीतून मगानं तिच्या हातावर, मानेवर ओतत राहिले. कोपरापासून बोटांपर्यंत कातडी लाल होऊन फुगत होती. ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही, मी काही सांगेन म्हणून.

शाळेची व्हॅन मला मिळाली.

दहा दिवसांनी मी तिच्या घरी गेले. हाताला पट्टी होती, मशीनवर कापड तसंच पडलं होतं. जयभीम झाला, तिच्या मुलीनं चहा आणला. मुलगी आत गेल्यावर तिनं विचारलं, "तू झाकण खोललं तवा इंजन थंडं होतं काय?"

तिनं मला वाट करून दिली होती. फक्त हो म्हणायचं होतं.

"हो," मी म्हटलं. "माझ्या वेळेला थंड होतं."

दोन मिनिटांच्या अंतरानं आमचे नंबर लागले होते. हे तिला माहीत होतं. तिनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मंग त्यात तुही काय चूक."

तिनं गाडी पुन्हा हातात घेतली नाही. बोटं पूर्ण मिटत नव्हती, त्यामुळे शिवणही सरळ यायची नाही; फॉल-पिकोची कामं घ्यायला लागली. आमच्या गल्लीतल्या कोणी माझ्याबद्दल वाकडं बोललं तर ती म्हणायची, "तिले काय माहीत होतं? तिनं तिच्या परीनं सांगितलं मले." हे मला तीन वेगवेगळ्या बायांनी येऊन सांगितलं. तिला सगळं कळलं होतं, असं माझं मत आहे. मला वाचवण्यासाठी ती हे बोलत नसावी. प्रत्येक वेळी ते माझ्यापर्यंत पोचेल, हे तिला ठाऊक असणार.

मी चार वर्षं ती व्हॅन चालवली. रोज सकाळी थंड इंजिनावर टाकीची पातळी बघायची, काच पुसायची, मुलींना घ्यायला निघायची. एकदाही चुकले नाही.

तिच्या मुलीचं लग्न लागलं तेव्हा पहिली पत्रिका मला आली. बुद्धवंदना झाल्यावर जेवणाच्या पंगतीत ती स्वतः वाढायला आली. उन्हाळा असून पूर्ण बाहीचा ब्लाऊज घातला होता. वाढताना डाव्या हातानं वाढलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पोटभर जेवजो वं. तू नाही जेवली तर मले बरं नाही वाटणार."

मी जेवले. दुसऱ्यांदा वाढलं, तेही जेवले.